विसणाचा हिशेब

गेल्या डिसेंबरात माझ्या भाच्याने पुण्यात सिंहगड रस्त्याकडे एक लहानसा फ्लॅट घेतला. सात मजली इमारतीत पाचव्या मजल्यावर एक निजायची खोली, एक बैठकीची खोली, एक स्वयंपाकघर आणि या सर्वांना मिळून एकच न्हाणीघर, असा त्याचा आटोपशीर विस्तार. आणि त्यात राहावयाचे ते तो, त्याची पत्नी, बालवाडीत जाणारा मुलगा आणि माझी थोरली बहीण. सामानाची लावालाव अर्धीमुर्धी झालेली असतानाच एके संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, दुकानदार म्हणतोय, माणसं चार आहेत तर पंचवीस लिटरचाच गिझर घ्या. शेजारचे काका म्हणतात, साठवणीचा कशाला, तीन लिटरचा इन्स्टंट बसवा, जागाही वाचते आणि वीजही वाचते. मी काय करू?"

मी त्याला उलट विचारले, "तुमची बादली केवढी आहे?"

"बादली?" तो म्हणाला. "बादलीचा काय संबंध?"

त्याच्या या प्रश्नात आपल्याकडील बहुतेक गिझरखरेदीचा इतिहास सामावलेला आहे. माणसे मोजावी आणि त्यावरून लिटर ठरवावे, हा दुकानातील सर्वमान्य प्रघात. परंतु माणूस गिझरमध्ये स्नान करीत नाही, तो बादलीतल्या पाण्याने स्नान करतो, आणि बादलीत जे येते त्यातील निम्म्याच्या आसपास पाणी गिझरमधले नसून विसणाचे असते. कढत पाण्याच्या घंगाळात विसण घालून ते अंगास सोसेल असे करणे ही क्रिया ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रोज पहाटे होत आली, त्याच घरांत गिझर घेण्याच्या वेळी मात्र विसणाचा विसर पडावा, ही गमतीची गोष्ट खरी. गिझरवर छापलेले लिटर आणि आपल्या अंगावर पडणारे लिटर हे दोन वेगळे आकडे असून त्यांच्यामधील दुवा विसण हा आहे. तो एकदा उमगला म्हणजे पुढील सर्व हिशेब पाटीवर मांडता येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सात वाजण्याच्या आत त्याच्याकडे पोहोचलो, कारण पाण्याचे तपमान पाहावयाचे तर ते ज्या वेळी स्नाने होतात त्याच वेळी पाहिले पाहिजे. बरोबर स्वयंपाकघरात वापरतात तसला, शून्यापासून शंभर अंशांपर्यंत दाखविणारा थर्मामीटर नेला होता. ताप पाहण्याचा थर्मामीटर या कामी उपयोगी नाही, त्याचे मोजमाप जेमतेम पस्तिसाच्या आसपास सुरू होते. थोडा वेळ नळ वाहू देऊन पाहिले तो गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी १८ अंशांचे निघाले. नंतर ताईने शेगडीवर पातेले तापवून आपल्या नेहमीच्या रीतीने बादली सिद्ध केली, हाताचा कोपरा बुडवून पसंतीची मान डोलावली, आणि थर्मामीटरने ४१ अंश दाखविले. बादली दुकानात वीस लिटरची म्हणून घेतलेली होती; लिटरच्या बाटलीने मोजून पाहता ज्या रेघेपर्यंत घरातील माणसे ती भरतात तिथवर १६ लिटर पाणी मावते असे आढळले. या घराच्या दृष्टीने महत्त्वाचे आकडे तीनच: अठरा, एक्केचाळीस आणि सोळा. वाचकाने स्वतःच्या घरचे हे तीन आकडे काढले तर पुढचा सर्व मजकूर त्याला आपल्या घराला लावून घेता येईल.

आता उष्णतेचा हिशेब. एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात, आणि विजेच्या मीटरवर जे एक युनिट पडते त्यात अशा ८६० किलोकॅलरी असतात. सबब लिटरांना अंशांच्या वाढीने गुणावे आणि ८६० ने भागावे, की युनिट हाती येतात. सोळा लिटर पाणी अठरावरून एक्केचाळीसवर न्यावयाचे म्हणजे २३ अंशांची वाढ. सोळा गुणिले तेवीस, ३६८ किलोकॅलरी. आणि त्याला ८६० ने भागले तर ०.४३, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडी कमी वीज. एका स्नानाची ही निव्वळ किंमत झाली, आणि यंत्र कोणतेही असो, ती चुकत नाही. पाणी तापविण्याच्या बाबतीत दोन्ही प्रकारचे गिझर सारखेच कार्यक्षम असतात, कारण दोहोंतही विजेची कांडी प्रत्यक्ष पाण्यातच बुडालेली असते आणि तिने निर्माण केलेली उष्णता पाण्यावाचून दुसरीकडे जाऊ शकत नाही. इन्स्टंट गिझरने वीज वाचते असे जे सांगतात त्यात तथ्याचा अंश आहे, पण तो कोठे आहे हे पुढे येईल. पाणी तापविण्यात तो खचित नाही.

शेजारच्या काकांनी सुचविलेला इन्स्टंट गिझर आपण प्रथम तपासू. त्याच्या पोटात फक्त तीन लिटर पाणी मावते, आणि कांडी ३ किलोवॅटची असते. म्हणजे तासाला तीन युनिट, अथवा मिनिटाला ४३ किलोकॅलरी. तेवीस अंशांची वाढ हवी असेल तर मिनिटाला ४३ भागिले २३, म्हणजे १.९ लिटरांहून किंचित कमी पाणी तो देऊ शकेल. याहून अधिक देणे त्याच्या हाती नाही, कारण मिनिटाला जेवढी उष्णता आत शिरते तेवढीच बाहेर पडणार. 'इन्स्टंट' या शब्दाने मनाची जी समजूत होते ती येथे सोडून द्यावी लागते. पोटातले तीन लिटर तापण्यास तीनेक मिनिटे लागतात, त्यानंतर पाणी चांगले कढत येते, आणि ते तीन लिटर संपताच नळाची धार आणि कांडीची शक्ती यांचा झगडा सुरू होतो. नळ मोठा सोडावा तर पाणी कोमट, बारीक करावा तर गरम. सर्व मिळून सोळा लिटरांची बादली भरावयास साडेआठ ते नऊ मिनिटे लागतात. शिवाय विजेचा दाब उतरला तर कांडीची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: २३० व्होल्टांऐवजी २१० व्होल्ट आले तर तीन किलोवॅटची कांडी अडीच किलोवॅटचीच उरते, आणि तीच बादली भरावयास दहा मिनिटे लागतात. थंडीच्या सकाळी सर्व इमारतीतले गिझर एकदम लागतात, आणि ज्या इमारतींत दाब उतरतो तेथे तो नेमक्या त्याच वेळी उतरतो.

आता साठवणीचा. त्याची कांडी बहुधा २ किलोवॅटची असते, म्हणजे इन्स्टंटपेक्षा मंद. परंतु तो माणसे उठण्यापूर्वी काम करून ठेवतो, हा त्याचा सारा मोठेपणा. पंधरा लिटर पाणी अठरावरून ६० अंशांवर नेण्यास बावीस मिनिटे लागतात. मग नळ सोडला की खालून थंड पाणी आत येते आणि वरचे गरम पाणी बाहेर ढकलले जाते, आणि सीमेवर दोहोंची थोडी सरमिसळ होते. म्हणून पंधरा लिटरांपैकी साडेबारा लिटर नीट कढत मिळतात आणि उरलेले कोमट निघतात असे धरून चालणे बरे. सोळा लिटरांच्या आपल्या बादलीसाठी साठ अंशांचे पाणी किती लागते? पावणेनऊ लिटर, बाकीचे सव्वासात लिटर विसण. म्हणजे पंधरा लिटरांचा गिझर एका दमात जवळजवळ दीड बादली देतो, आणि दुकानदाराने सांगितलेला पंचवीस लिटरांचा, याच हिशेबाने, दोन बादल्या आणि वर थोडे.

येथवर वाचून कोणीही म्हणेल की चार माणसांना दीड बादली कशी पुरेल, दुकानदाराचेच म्हणणे बरोबर. परंतु चौघे एका वेळी स्नान करीत नाहीत, आणि करू म्हटले तरी न्हाणीघर एकच आहे. ताईचे स्नान पहाटे पावणेसहाला, पूजेपूर्वी; भाचा सातला, त्याची पत्नी सात वीसला, आणि मुलाला अर्ध्या बादलीत सातच्या पुढे चाळीस मिनिटांनी. दोन स्नानांच्या मध्ये वीस मिनिटे आहेत, आणि या वीस मिनिटांत गिझर स्वस्थ बसलेला नसतो. थंड पाणी आत शिरल्याबरोबर थर्मोस्टॅट कांडी पुन्हा सुरू करतो. दोन किलोवॅटची कांडी मिनिटाला २८.७ किलोकॅलरी देते, म्हणून एका बादलीची ३६८ किलोकॅलरींची तूट तेरा मिनिटांत भरून निघते. भाचा अंग पुसून बाहेर येतो तोवर टाकी बव्हंशी पूर्ववत् झालेली असते. पंचवीस लिटरांच्या गिझरातही कांडी दोनच किलोवॅटची, आणि तोही तीच तूट तेराच मिनिटांत भरतो. त्याला अधिक आहे ती केवळ शिल्लक, मिळकत नव्हे. हे ध्यानात घेतले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दिसते: माणसे एकामागून एक खंड न पडता तासभर स्नान करीत राहिली तर तीन किलोवॅटचा चिमुकला इन्स्टंट गिझर दोन किलोवॅटच्या पंचवीस लिटरी गिझराला अखेर मागे टाकील. साठवण पहिल्या दोन बादल्यांपुरती. पुढे सारा कारभार किलोवॅटांवर चालतो.

मग पंचवीस लिटर घ्यावे केव्हा? लागोपाठ दोन बादल्या एकदम लागत असतील तेव्हा. न्हाण्याच्या दिवशी सुनेला दोन बादल्या लागतात. पंधरा लिटरांचा गिझर घेतला तर त्या दिवशी तिला मध्ये सात-आठ मिनिटे थांबावे लागेल. आठवड्यातून एकदा सात-आठ मिनिटे, एवढ्यासाठी दहा लिटर अधिक रोज तापवीत बसावे की काय, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. सुनेला मी तो विचारला, आणि तिने केसांना शिकेकाई लावून थांबावेच लागते असे सांगून तो निकालात काढला. नरकचतुर्दशीच्या पहाटे चौघांचीही अभ्यंगस्नाने उजाडण्यापूर्वी उरकायची असतात ही गोष्ट ताईने काढली, पण वर्षातल्या एका पहाटेसाठी गिझर घेऊ नये. त्या दिवशी शेगडीवर एक पातेले चढवावे.

शॉवरची गोष्ट मात्र सर्वस्वी निराळी. साध्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जाते. सहा मिनिटांच्या स्नानाला पन्नास-साठ लिटर, म्हणजे साडेतीन बादल्या. तीन किलोवॅटचा इन्स्टंट मिनिटाला दोन लिटरही देत नाही, तो शॉवरला पुरा पडण्याची कल्पनाच सोडावी. पंधरा लिटरांचा अडीच मिनिटांत हात टेकतो, आणि पंचवीस लिटरांचा चार मिनिटांत. ज्या घरात शॉवरखालीच स्नान करायचे ठरले आहे, त्याने पंचवीस लिटर तर घ्यावेतच, शिवाय मिनिटाला सहा लिटरांहून अधिक पाणी न सोडणारा शॉवर लावावा, म्हणजे तोच गिझर सहा मिनिटांच्या वर पुरतो. माझ्या भाच्याच्या घरी शॉवर आहे, पण तो मे महिन्यात वापरतात.

या सगळ्या हिशेबाचा पाया तो अठरा अंशांचा आकडा, आणि तो गावागणिक बदलतो. मुंबईत हिवाळ्याच्या सकाळीही नळाचे पाणी चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास असते; वाढ सोळा-सतरा अंशांचीच हवी, म्हणून तोच तीन किलोवॅटचा इन्स्टंट तेथे मिनिटाला अडीच लिटरांहून अधिक पाणी देतो आणि बादली सहा-साडेसहा मिनिटांत भरतो. दादरच्या किंवा डोंबिवलीच्या दोन माणसांच्या घरात, पोटमाळ्याखाली हातभर जागा असताना, तो अगदी योग्य. गोव्यात आणि कोकणपट्टीत तीच गोष्ट. परंतु नाशिकला कडाक्याच्या थंडीत टाकीतले पाणी बारा-तेरा अंशांवर उतरले तर वाढ अठ्ठावीस अंशांची होते, धार दीड लिटरांवर येते, आणि तीच बादली भरावयास साडेदहा मिनिटे लागतात. मुंबईच्या मामेभावाचा सल्ला नाशिककराने डोळे मिटून घेतला तर पहिल्याच पौषात त्याला त्याची प्रचीती येते. गंमत अशी की त्यात कोणीही खोटे बोललेला नसतो.

आता वीज वाचण्याचा प्रश्न. भाच्याच्या घरी रोज साडेतीन बादल्या, म्हणजे दीड युनिट, महिन्याला ४५ युनिट. हा खर्च दोन्ही यंत्रांत समान. महावितरणच्या घरगुती दरांत शंभर युनिटांनंतर दराची पायरी एकदम चढते, म्हणून ४५ युनिट ही क्षुल्लक रक्कम नव्हे. साठवणीच्या गिझरात यावर भर पडते ती आतल्या गरम पाण्यातून दिवसभर हळूहळू निसटणाऱ्या उष्णतेची. तारांकित लेबलावर हा आकडा छापलेला असतो: टाकीतले पाणी बाहेरच्या हवेहून ४५ अंशांनी अधिक गरम ठेवले तर चोवीस तासांत किती युनिट निसटतात तो. तारे जेवढे अधिक तेवढा हा आकडा लहान. तारे पाणी लवकर तापण्याबद्दल नसतात, पाणी उशिरा निवण्याबद्दल असतात, हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण दुकानात याच्या नेमके उलट ऐकू येते. लेबलावर ०.४ असेल आणि गिझर काम होताच बंद केला, तर पाणी दिवसभरात निवत जात असल्यामुळे प्रत्यक्ष हानी दिवसाला सुमारे पाव युनिट होते. महिन्याला सात-आठ युनिट. इन्स्टंटने वाचते ती ही वीज, आणि एवढीच.

परंतु तीही पुष्कळ वाचविता येते, आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. शेवटचे स्नान झाल्यावर गिझर बंद करण्याची जी आपली सवय आहे तिच्यात थोडी चूक आहे: तोवर थर्मोस्टॅटने टाकी पुन्हा तापवीत आणलेली असते, आणि ते कढत पाणी कोणाच्याच अंगावर न पडता निवून जाते. मुलाच्या अर्ध्या बादलीला साठ अंशांचे साडेचार लिटर पाणी पुरते. त्याच्या आईची बादली भरल्यावर पावणेचार लिटर उरतेच, आणि पुढच्या पाच मिनिटांत कांडी त्यात आणखी सुमारे साडेतीन लिटरांची भर घालते. म्हणून सून न्हाणीघरातून बाहेर येताना बटण बंद करून येते, आणि मुलाचे स्नान शिलकेवर होते. हा नियम मी तिला एकदाच सांगितला. भाच्याला मात्र तीनदा सांगावा लागला.

गिझर ठरविण्यापूर्वी न्हाणीघराच्या भिंतीतली तार पाहणे अगत्याचे. तीन किलोवॅटचा गिझर १३ अँपिअर वीज ओढतो, दोन किलोवॅटचा पावणेनऊ. तीन किलोवॅटसाठी निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. बाजारात साडेचार किलोवॅटचेही इन्स्टंट मिळतात, पण ते वीस अँपिअरच्या घरात जात असल्यामुळे त्यांना सोळाचा सॉकेट चालत नाही, जाड तार आणि वेगळा एमसीबी लागतो. जुन्या इमारतीत ही तजवीज क्वचितच असते. परीक्षा सोपी आहे: गिझर दहा मिनिटे चालवावा, बटण बंद करावे, प्लग काढावा आणि हाताने चाचपावा. कोमट लागला तर ठीक; हाताला चटका बसला, किंवा पिना तपकिरी पडल्या असल्या, किंवा जळकट वास आला, तर तेथे तीन किलोवॅट लावू नयेत. बिलावर 'मंजूर भार' म्हणून जो आकडा छापलेला असतो तोही पाहून ठेवावा. आणि गिझर कोणताही असो, ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी आणि खरोखर जमिनीपर्यंत पोहोचलेले अर्थिंग यांच्याशिवाय तो सुरूच करू नये. ओल्या अंगाने वीज फार लवकर वाहते.

भाच्याच्या घरी तारेची अडचण नव्हती. अडचण होती ती पाण्याची. इमारतीला महापालिकेचे पाणी अपुरे पडते आणि उरलेली गरज बोअरवेल भागविते, हे मला बादलीच्या आतल्या कडेला चढलेल्या पांढऱ्या पुटावरून कळले. असे जड पाणी तापले की त्यातला चुना कांडीवर बसतो, आणि जितकी कांडी लहान व प्रखर तितका तो लवकर बसतो. तीन लिटरांच्या पोटात तीन किलोवॅटची धग म्हणजे चुन्याला आमंत्रणच. चुन्याच्या थराखाली कांडीला आपली उष्णता पाण्याला देता येत नाही, ती आतल्या आत तापते आणि एके दिवशी फुटते. तत्पूर्वी ती सूचना देते: पाणी तापताना चुलीवर खडे तडतडावेत तसा आवाज येऊ लागतो, आणि वरचा दिवा विझावयास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो. साठवणीच्या टाकीतही हा चुना बसतोच, पण तेथे कांडी काढून खरवडता येते आणि गंज आपल्या अंगावर घेणारी मॅग्नेशियमची दांडी झिजली की बदलता येते. दोन वर्षांनी एकदा हे करून घेतले तर टाकी पुष्कळ टिकते.

गॅसवर चालणाऱ्या गिझराचे नाव शेजारच्या काकांनी पुढे काढले, पाणी भरपूर आणि स्वस्त म्हणून. भरपूर आणि स्वस्त हे दोन्ही खरे. पण ज्वाला जळताना हवा खाते, आणि बंद न्हाणीघरात हवा अपुरी पडली की तीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला रंग नाही, वास नाही आणि ज्याने गुंगी येते एवढे कळण्याच्या आत माणूस खाली पडलेला असतो. आपल्याकडे अशा न्हाणीघरांत माणसे दगावली आहेत. उघड्या गॅलरीत बसविण्यास जागा असेल तर गोष्ट वेगळी. एका झरोक्याच्या न्हाणीघरात तो बसवू नये, आणि या बाबतीत मी भाच्याला चर्चेची मुभा ठेवली नाही.

तेव्हा पंधरा लिटरांचा साठवणीचा गिझर घेतला. भिंत हलक्या ठोकळ्यांची असल्यामुळे तिला आरपार बोल्ट घालावे लागले; पाण्याने भरलेला पंधरा लिटरांचा गिझर पंचवीसेक किलोंचा होतो, साध्या खिळ्यांवर विसंबण्यासारखा नाही. गिझरच्या पाटीवर ८ बार दाब लिहिलेला होता, आणि गच्चीवरची टाकी भाच्याच्या नळापासून जेमतेम दहा मीटर उंच, म्हणजे दाब एक बार. तेव्हा ती काळजी नव्हती. वीस मजली इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्याने, किंवा जिथे प्रेशर पंप लावला आहे तिथे, हा आकडा अवश्य पाहावा.

आठवडाभर सर्व सुरळीत चालले आणि मग पुन्हा फोन आला. "मामा, गिझर गळतोय. खालच्या व्हॉल्व्हमधून रोज पहाटे थेंब थेंब पाणी पडतं. प्लंबर म्हणतो, बूच मारून टाकतो."

"त्याला हात लावू देऊ नकोस," मी म्हणालो. "ताईला फोन दे."

पाणी तापले की फुगते. अठरा अंशांवरून साठांपर्यंत ते दीड टक्क्याहून थोडे अधिक फुगते. पंधरा लिटरांच्या टाकीत ही वाढ पाव लिटराच्या आसपास भरते, आणि आत येणाऱ्या नळीवर पाणी उलट न जाऊ देणारी झडप असल्यामुळे तिला बाहेर पडायला तो सुरक्षा-व्हॉल्व्ह एवढाच मार्ग असतो. तो बुजविला तर दाब टाकीवर येतो, आणि त्यात थर्मोस्टॅट बिघडला तर गिझर फुटू शकतो. गिझर बंद असून थंड असतानाही थेंब पडत राहिले, तर मात्र व्हॉल्व्हात कचरा अडकला आहे किंवा नळाचा दाब फाजील आहे असे समजावे, आणि तेव्हा प्लंबरला बोलवावे.

हे सर्व ताईला सांगण्यापेक्षा मी तिला एवढेच म्हणालो की उद्या पहाटे बटण लावताना त्या व्हॉल्व्हच्या नळीखाली एक फुलपात्र ठेव, आणि दिवा विझला की मोजून पाहा. सव्वासहाला तिचा फोन आला. तिने कपड्याला घालायच्या साबणाच्या मापाने पाणी मोजले होते: पाव लिटराला थोडे कमी. कमी का, हेही तिनेच सांगितले. टाकीतले पाणी आदल्या दिवसाच्या शिलकेमुळे अगदी गार झालेले नव्हते. व्हॉल्व्हला आता एक बारीक नळी जोडली आहे, ती मोरीच्या जाळीपर्यंत आणून सोडली आहे.